रिक्रूटरचा मेसेज आलाय, अर्थ सांगा (मदत हवी आहे, अर्जंट)

अडकलेला_क्यूसी: संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. मेसेज असा आहे: "नामांकित ऑटो कंपनी, लोकेशन संभाजीनगर, कॉम्पिटिटिव्ह पॅकेज, इमिजिएट जॉइनरला प्राधान्य. करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड पाठवा." किती मिळतील? हो म्हणू का?

गेवराईकर: आता कुठं आहात, पगार किती, नोटीस किती? काहीच लिहिलं नाही राव.

अडकलेला_क्यूसी: वाळूजला. हातात १९ हजार. नोटीस ६० दिवस. पण मी त्यांच्या पगाराचं विचारतोय.

जालन्याचा_भाऊ: कुणीतरी अचानक सोडून गेलंय, म्हणून घाई आहे त्यांना. लगेच हो म्हणा. नोटीस कोण पाळतंय? मी स्टील प्लांटमधून एका दिवसात निघालो.

पेरोलवाल्या_ताई: भाऊ, घाईचं बरोबर बोललात, बाकी सल्ला महागात पडेल. पुढची कंपनी रिलिव्हिंग लेटर मागते. जुन्यांनी पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख टाकली नाही तर पीएफ ट्रान्सफर लटकतो.

क्यूसी, इमिजिएट म्हणजे बहुधा १५ दिवसांच्या आत. तुमचे ४५ उरतात. त्यांचे पैसे नवी कंपनी भरणार का, हे आधी विचारा. ते बेसिकवर कापतात की ग्रॉसवर, हे तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये सापडेल.

जालन्याचा_भाऊ: ताई, मला कुणी लेटर मागितलं नाही.

उदगीरचा_राजा: कॉम्पिटिटिव्हच द्यायची तर एमपीएससी द्या. प्रायव्हेटात काय ठेवलंय?

गेवराईकर: राजे, ते पॅकेजचं चाललंय 😄

पेरोलवाल्या_ताई: पॅकेजचं सांगते. त्यांचं बजेट ठरलेलं असतं, फक्त सांगत नाहीत. तुमचा आकडा कळला की त्यावर थोडं चढवून ऑफर देतात. म्हणून बजेट आधी त्यांनाच विचारा.

समजा ३ लाख ६० हजार म्हणाले. महिन्याला ३० हजार दिसतात. त्यात कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी साधारण ७२० (बेसिक १५ हजार धरून) आणि १० टक्के व्हेरिएबल असेल तर ३,००० धरलेले असतात. उरले २४,४८०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेला की हातात २२,४८०. व्हेरिएबल वर्षाअखेर मिळालं तर मिळालं. आणि पेरोल कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा, हे नक्की विचारा. "नामांकित कंपनी" लिहून कॉन्ट्रॅक्टरकडं भरती करतात.

लातूरचे_काका: पैसे मागितले का? माझ्या पुतण्याकडून रजिस्ट्रेशनचे म्हणून घेतले अन् फोनच बंद.

अडकलेला_क्यूसी: नाही काका, पैसे नाही मागितले. ताई, बजेट विचारलं. "ऍज पर इंडस्ट्री स्टँडर्ड" एवढंच उत्तर आलं.

पेरोलवाल्या_ताई: अन् पेरोलचं?

अडकलेला_क्यूसी: त्यावर ब्लू टिक आलीय. उत्तर नाही.

जालन्याचा_भाऊ: कॉन्ट्रॅक्टर असला तरी काय बिघडलं? वाळूजला अर्धी लाइन कॉन्ट्रॅक्टवरच चालते.