मदत हवी आहे: अभ्यास करताना मागे चालणारा आयडल गेम, टॅब बदलला की कमाई का घटते?

मुक्ता_पुणे

नमस्कार मंडळी,

मी सीए इंटरची विद्यार्थिनी आहे. संध्याकाळी ऑडिटची लेक्चरं लॅपटॉपवर ऐकते आणि जेवणानंतर पॉडकास्ट. नुसतं ऐकत बसले की हात आपोआप फोनकडे जातो, रील्स सुरू होतात आणि पंधरा मिनिटांनी कळतं की लेक्चर कुठच्या कुठे गेलं. मैत्रीण म्हणाली, एखादा आयडल गेम लावून ठेव, आपला आपण चालतो, मधेच एकदा बघायचं आणि परत कामाला लागायचं. म्हणून कुकी क्लिकर ब्राउझरमध्ये सुरू केला. आवडलाही. रील्स खरोखर कमी झाल्या.

पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे लेक्चरच्या टॅबवर गेले की कमाई घटते. काल कागदावर लिहून ठेवलं. वेग सेकंदाला 4,000 कुकीज होता. 7:10 ला टॅब बदलला, 8:00 ला परत आले. 50 मिनिटांचे एक कोटी वीस लाख व्हायला हवे होते. वाढले जेमतेम एकवीस लाख. मधे काही विकत घेतलं नव्हतं, मधेच बक्षीस घेऊन येणारी सोनेरी कुकीही दाबली नव्हती.

दुसरी अडचण त्या सोनेरी कुकीचीच. ती कधीही येते, आणि ती येऊन गेली असेल या विचाराने मी सारखी टॅब बदलून बघते. मग रील्स आणि यात फरक काय राहिला?

टॅब मागे असताना नीट चालेल आणि मला सारखं बोलावणार नाही, असा कोणता खेळ आहे?

अभिजित_ठाणे

सोपं आहे. ब्राउझर मागच्या टॅबला झोपवतो. गेमचा टॅब ओढून वेगळ्या विंडोत काढ. टॅब झोपतो, विंडो झोपत नाही. मी वर्षभर असंच चालवतोय, एक कुकी कमी झाली नाही.

रानवारा

सोनेरी कुकी चुकते म्हणून त्रास होतोय ना? मग ती आपोआप दाबली जाईल असं करून टाका. F12 दाबून कन्सोल उघडा आणि हे पेस्ट करा, सुटलात.

```
setInterval(function(){
  Game.shimmers.forEach(function(s){
    if (s.type=='golden') s.pop();
  });
}, 1000);
```

सरिता_डोंबिवली

मुक्ता, तुझ्या प्रश्नावरून माझंही विचारून घेते. मी रात्री विणत विणत फोनवर पॉडकास्ट ऐकते आणि शेजारी असाच एक पैसे जमवायचा खेळ चालू असतो. नाव लिहीत नाही. तो उघडला की म्हणतो, तुम्ही नसताना इतके जमले, जाहिरात बघा, दुप्पट देतो. जाहिरात सुरू झाली की माझा पॉडकास्ट बंद पडतो आणि नंतर आपणहून सुरू होत नाही. हातात सुया, मांडीवर लोकर. सगळं बाजूला ठेवून परत प्ले दाबावं लागतं. याला काही उपाय आहे का?

मुक्ता_पुणे

अभिजितदादा, करून पाहिलं. वेगळी विंडो काढल्यावर दहा मिनिटं अगदी नीट चालला. मग त्यावर नोट्सची पीडीएफ पूर्ण पडदाभर उघडली आणि परत तेच.

रानवारा, धन्यवाद. पण सगळं कोडनेच केलं तर मी अधूनमधून बघायचं काय?

निनाद_नाशिक

मुक्ता, तू आकडे लिहून ठेवलेस हे फार बरं केलंस. कारण त्या आकड्यांतच दडलंय.

क्रोमने 2021 च्या सुरुवातीला, 88 व्या आवृत्तीपासून, मागच्या टॅबवर एक कडक नियम लावला. टॅब पाच मिनिटं नजरेआड राहिला आणि त्यातून आवाज येत नसेल, तर त्यातला टायमर मिनिटातून एकदाच चालू देतात. बॅटरी वाचावी म्हणून. आता कुकी क्लिकर कसा चालतो बघ. तो सेकंदाला 30 वेळा स्वतःला जागं करून थोड्या थोड्या कुकीज जमा करतो. उशिरा जाग आली तर हुकलेल्या वेळाची भरपाईही करतो, पण फार तर पाच सेकंदांची. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर तो सोडून देतो.

मग तुझी 50 मिनिटं मांडू. पहिली पाच नीट चालली, म्हणजे 300 सेकंद, बारा लाख. उरलेल्या 45 मिनिटांत दर मिनिटाला एक जाग आणि पाच सेकंदांची भरपाई, म्हणजे 225 सेकंद, नऊ लाख. बेरीज एकवीस लाख. तुझ्या कागदावर हाच आकडा आहे.

स्वतः पाहायचं असेल तर टॅबच्या नावाकडे लक्ष ठेव, तिथे कुकीजचा आकडा दिसतो. दुसऱ्या टॅबवर जा आणि फोनच्या घड्याळाशी ताडून बघ. पाचेक मिनिटांनंतर तो आकडा मिनिटाला एकदाच हलेल. आणि परत गेल्यावर पानच नव्याने लोड होताना दिसलं, तर ती वेगळी गोष्ट. मेमरी वाचवायला ब्राउझरने टॅब पूर्ण काढून टाकलेला असतो. त्यासाठी Settings मध्ये Performance खाली ती साइट कायम जागी ठेवायच्या यादीत टाकावी लागते. पण त्याने टायमरचा नियम बदलत नाही.

अभिजित, तुमचं अर्धं बरोबर आहे. वेगळी विंडो चालते, पण ती डोळ्यांना दिसत असेल तरच. दुसऱ्या विंडोने पूर्ण झाकली की क्रोम तिलाही नजरेआडच धरतो. तुमच्याकडे बहुतेक तिचा एखादा कोपरा उघडा राहत असेल.

रानवारांचा कोड चालतो, पण तोही टायमरच आहे. टॅब मागे गेला की तोही मिनिटाला एकदाच जागा होणार.

अभिजित_ठाणे

बरोबर, माझ्याकडे दोन स्क्रीन आहेत. दुसऱ्यावर तो कायम उघडाच असतो. हे लक्षातच आलं नव्हतं.

मुक्ता_पुणे

निनाददादा, टॅबचं नाव बघत बसले. खरंच पाचव्या मिनिटानंतर आकडा गोठला आणि मग मिनिटामिनिटाने उडी मारायला लागला. आता मनाला पटलं. मग माझ्यासाठी खेळ कोणता?

निनाद_नाशिक

एकच गोष्ट तपासायची: खेळ कमाई कशावरून मोजतो. जागं होऊन होऊन मोजत असेल तर तुझ्या कामाचा नाही. गेल्या वेळी किती वाजले होते, आता किती वाजले, मधला हिशोब एकदम मांडतो, असा असेल तर टॅब झोपला काय, लॅपटॉप बंद केला काय, फरक पडत नाही. ओळखायला दहा मिनिटं पुरतात. आकडा लिहून टॅब बंद कर, दहा मिनिटांनी उघड. पूर्ण दहा मिनिटांचं मिळालं तर ठेव.

तुझ्यासाठी मी मेल्व्हर आयडल सुचवेन. पूर्ण आवृत्ती 2021 च्या नोव्हेंबरमध्ये आली, ब्राउझरमध्ये आधी फुकट डेमो खेळता येतो. तुम्ही नसताना 24 तासांपर्यंतचा हिशोब तो पूर्ण देतो. लाकूडतोडीपासून सुरुवात कर. साध्या झाडाला 3 सेकंद लागतात आणि 10 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. तुझ्या 50 मिनिटांच्या लेक्चरमध्ये 3,000 सेकंद, म्हणजे हजारेक ओंडके आणि दहा हजार एक्सपी. शून्यापासून थेट 27 व्या लेव्हलपर्यंत. मधे काही चमकून येत नाही, काही चुकत नाही. लेक्चर संपल्यावर उघडायचं, पुढचं झाड निवडायचं, बंद करायचं. विलोला 25 वी लेव्हल लागते, म्हणजे दुसऱ्या लेक्चरला ते लावता येईल.

मात्र कोणतं काम लावून जायचं याला महत्त्व आहे. लाकूडतोड कधी थांबत नाही. ओंडके जाळायचं काम लावलंस आणि ते समजा वीस मिनिटांत संपले, तर काम तिथेच थांबतं, आणि तू तासाभराने आलीस तरी कमाई वीस मिनिटांचीच. खेळातल्या बँकेत एखाद्या वस्तूला नवी जागा उरली नसेल तर तीही हातची जाते. आणि लढाई लावून कधीही जाऊ नकोस. तुझ्या माघारीही पात्र मरू शकतं, आणि मेलं की अंगावरचं एखादं सामान जाऊ शकतं.

सरिताताई, फोनवर सहसा एका वेळी एकालाच आवाज मिळतो. जाहिरातीने तो मागितला की पॉडकास्टचं अॅप थांबतं, आणि जाहिरात लांबली की पुष्कळ अॅप्स परत सुरू होत नाहीत. भाग आधी डाउनलोड करा आणि एअरप्लेन मोड लावून ऐका. जाहिरात आलीच नाही की भांडण नाही. दुप्पट मिळणार नाही, तेवढं सोडावं लागेल.

कृष्णाकाठ

मला वाटतं मुक्ताला मागे चालणाऱ्यापेक्षा समोर दिसणारा खेळ जास्त उपयोगी पडेल. तिचा हात रील्सकडे जातो कारण डोळ्यांना काही नसतं. रस्टीज रिटायरमेंट बघा, 2024 चा आहे, स्टीमवर विकत मिळतो. पडद्याच्या तळाशी एक पट्टी, तिच्यात शेत. छोटे रोबो पेरतात, पाणी घालतात, कापतात. वर तुमची पीडीएफ उघडी. त्यात फोकस मोड आहे, तो लावला की सगळं संथ होतं आणि सारखं बघावं असं वाटत नाही. मी भाषांतराचं काम करते, सहा महिने हेच वापरतेय.

निनाद_नाशिक

पॉडकास्टला हे छान आहे. लेक्चरला मला शंका आहे. हलणारी गोष्ट नजरेच्या कडेला असेल तर माझं वाचन तरी तुटतं.

कृष्णाकाठ

माझं नाही तुटत. उलट पट्टी नसेल तर मी उठून फ्रिज उघडते.

मुक्ता_पुणे

चार दिवस मेल्व्हर लावला. लेक्चर चालू असताना टॅब बंदच ठेवते, संपलं की उघडते. पहिल्या दिवशी 27 वी लेव्हल आली, तुम्ही म्हणालात तशीच. सोनेरी कुकीची चुटपुट पूर्ण गेली. पॉडकास्टच्या वेळी मात्र हात रिकामा राहतोय, परवा परत रील्स उघडल्या. म्हणून कुकी क्लिकर ठेवलाय, पण फक्त तेव्हाच, विंडो कोपऱ्यात उघडी ठेवून. पंखा जोरात फिरायला लागला तेव्हा Options मध्ये जाऊन Fancy graphics आणि Particles बंद केलं. थोडा फरक पडला, फार नाही.

कृष्णाकाठताई, ती पट्टी 14 इंची लॅपटॉपवर पीडीएफची किती जागा खाते? आमच्या स्टँडर्ड्सची अक्षरं आधीच बारीक असतात.

सरिता_डोंबिवली

एअरप्लेन मोड लावून काल सलग दीड तास ऐकलं, एकदाही थांबलं नाही. एक बाही पूर्ण झाली. पण माझा दुसरा पॉडकास्ट डाउनलोड होत नाही, थेटच ऐकावा लागतो. त्याचं काय करू?