वयात फरक चार की पाच?

राजापूरकर: भावाचा जन्म २० डिसेंबर १९८९, मुलीचा २५ जानेवारी १९९४. पत्रिका जुळली, घर पसंत, आणि वडिलांचा निरोप: "आमची अट चारची, तुमचा फरक पाच." एका आकड्यासाठी स्थळ मोडतात का हो?

मंडळातल्या काकू: त्यांनी चौऱ्याण्णवातून एकोणनव्वद वजा केले, झालं. खरा फरक चार वर्षं एक महिना. साइटवर पूर्ण झालेलं वय दिसतं. यंदा २० डिसेंबर ते २४ जानेवारी एवढ्यापुरतं तुमचा भाऊ ३६ आणि ती ३१ दिसली असणार. पंचविसाव्या जानेवारीला ती ३२ झाली की पुन्हा चार! पण खरं सांगू? चारची अट लिहिलेल्यांनी सात वर्षांनी मोठ्या सरकारी नोकरदाराला चहाला बोलावलेलं मी पाहिलंय. वय ही नकाराची सभ्य भाषा असते.

खाडीपलीकडचा: कायद्यानेच मुलगी १८, मुलगा २१ ठेवलंय. म्हणजे तीनचा फरक सरकारमान्य!

काकू: ते किमान वय आहे बाबा, फरक नाही. मुलींचंही २१ करायचं विधेयक २०२१ मध्ये आलं होतं, ते पास झालंच नाही. आणि सचिन तेंडुलकर बायकोपेक्षा पाच वर्षांनी लहान, त्याला कोणी विचारलं?

देवगडची: उलटं का नाही बोलत कोणी? माझ्या आतेभावाच्या बायोडाट्यात "मुलगी २४ ते २८" लिहिलं तेव्हा तो तीसचा होता. आता ३७ झालाय, ओळ तशीच. आत्या म्हणते, "पुरुषाचं वय कोण बघतं?" बघतात आत्या, मीच बघितलं.

नाना बागायतदार: वय नाही हो, खोली बघतात! दोनशे कलमं आहेत माझ्या मुलाची, पण पहिला प्रश्न, "डोंबिवलीत फ्लॅट आहे का?" आंबा खायला कोकण, नांदायला मुंबई.

देवगडची: नाना, मे महिन्यात पेट्या भरायला, पावसात एकटीने घर सांभाळायला सून हवी असते, हे बायोडाट्यात लिहिता का? माझी मैत्रीण पाच वर्षांनी परत आली माहेरी.

नाना: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका! माझी सून मोबाइलवर पेट्यांच्या ऑर्डरी घेते, तिचं वेगळं खातं आहे.

देवगडची: मग तिलाच लिहू द्या ना इथे.

नाना: ती कामात आहे. (बरं, थोरल्याच्या वेळी मीही "पंचविशीच्या आत" लिहिलं होतं. मूर्खपणा झाला.)

राजापूरकर: विषय भावाचा होता. फोन ४ जानेवारीलाच केला होता, काकू. पंचविशीनंतर परत करू?

काकू: पंचवीस तारखेनंतर म्हणा, नाहीतर नाना परत भडकतील. करा, पण मुलीशी बोला. मे महिन्यात किती पेट्या भराव्या लागतील तेही सांगून टाका.