प्रस्ताव पाठवला आणि पुढे सामसूम: तुमचे अनुभव सांगा

शेजारच्या टेबलावरची मुलगी सकाळपासून दर दोन मिनिटांनी मेल उघडतेय. कोटेशन गेलंय, उत्तर नाही. तिला बघून माझं एक जुनं काम आठवलं. वेबसाइटचं होतं. बैठक झकास झाली, प्रस्ताव गेला आणि समोरचे गृहस्थ गप्प. नंतर कळलं की त्यांना काम पसंत होतं, पण मंजुरी वरच्यांची हवी होती आणि माझी बारा पानं त्यांना समजावणं यांना जमेना. मी त्याच मेलला उत्तर म्हणून लिहिलं: "वरिष्ठांना दाखवायला सोपं जावं म्हणून सगळं एका पानात मांडलंय. सुरुवात या महिन्यात धरू की पुढच्या? त्याप्रमाणे माणसं राखून ठेवतो." दुपारी उत्तर आलं, "पुढच्या."
तुम्ही काय करता?

बिनधास्त_बंडू
लाज कसली? निळी टिक दिसली की लगेच फोन लावायचा. माझी दोन कामं अशीच मिळालीत.

खरेदीवाली
बंडू, मी पलीकडच्या बाजूला बसते. असे फोन मी उचलत नाही 😄
आमच्याकडे तीन कोटेशन आल्याशिवाय तुलनेचा तक्ताच पुढे सरकत नाही. तुमचं पहिलं येतं, तिसऱ्याची वाट बघण्यात दिवस जातात. त्यात तुमचा राग-लोभ काही नसतो. "काही कळलं का?" याला मी काय उत्तर देणार? "निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, आणि माझ्याकडून एखादा कागद राहिलाय का?" असं विचारलंत तर उभ्या उभ्या सांगते.

बंडू
बरं बाई.

जुना_खेळाडू
खरी मेख पाठवतानाच असते. "गुरुवारी फोन करू का?" असं तेव्हाच ठरवून घ्यायचं, म्हणजे गुरुवारचा फोन पाठलाग वाटत नाही. दर कधीपर्यंत लागू आहेत ती तारीखही प्रस्तावात घालायची. ती जवळ आली की लिहायला खरं कारण मिळतं. "नुसती आठवण करतोय" या मेलमधून समोरच्याला फक्त आपली धाकधूक कळते. आणि शेवटी, "सध्या हे काम थांबलंय असं धरून मी फाइल बंद करू का?" नाही म्हणणं सोपं केलं की लोक बोलतात.

मीनल_क
मुलाखतीनंतर पण हेच करायचं का? एचआरने आठवडाभर काहीच कळवलं नाहीये. (मुलगा उठला, नंतर वाचते)

खरेदीवाली
खेळाडू, तारीख खोटी नको मात्र. मुदत संपल्यावरही तोच दर दिलात की पुढच्या वेळी ती तारीख कुणी मनावर घेत नाही.

जुना_खेळाडू
मान्य. पण जुनं गिऱ्हाईक असेल तर मीही देतो, काय करणार.

ढ_गोळा
ते फाइल बंदवालं मी लिहिलं होतं. उत्तर आलं, "हो, करा."

बंडू
😂😂 निदान उत्तर तरी आलं!