मदत हवी आहे : इंजेक्शनशिवाय गाय पान्हा सोडत नाही

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका)
नमस्कार. आमची संकरित गाय दुसऱ्या वेताची आहे. तिचे वासरू बाराव्या दिवशी दगावले, म्हणून धार काढणाऱ्याने 'पान्ह्याचे इंजेक्शन' सुरू केले. आता दोन महिने झाले. इंजेक्शन दिले की सकाळी सहा लिटर दूध निघते, न दिल्यास जेमतेम सव्वा लिटर. ही सवय कशी मोडावी?

पांझरा_धुळे
ताबडतोब बंद करा. ते दूध विषारी असते, लहान मुलांना देऊ नका. आमच्या शेजारी गाय गाभण न राहता दोनदा उलटली, तेही याच इंजेक्शनामुळे.

सातपुडा७
सरकी पेंड वाढवा आणि खनिज मिश्रण द्या. आमच्या म्हशीचे दूध आठवड्यात वाढले.

गिरणाकाठ
दादा, दूध कमी नाही, ते कासेत अडकून राहते.

पशुसेवक_निवृत्त
आपल्या आकड्यांतच उत्तर आहे. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध सडांच्या वरच्या पोकळीत असते. बाकीचे बारीक पेशींच्या पुंजक्यांत अडकलेले असते आणि पान्ह्याचे संप्रेरक रक्तात आल्यावरच खाली उतरते. सहापैकी सव्वा लिटर म्हणजे नेमकी ती पोकळीच रिकामी होते आहे. इंजेक्शनातून हेच संप्रेरक, म्हणजे ऑक्सिटोसिन, रोज बाहेरून मिळाल्याने कासेकडून त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून इंजेक्शन न मिळाल्या दिवशी गाईचा स्वतःचा पान्हा अपुरा पडतो. शिवाय हेच औषध गर्भाशयही आकुंचित करते, त्यामुळे वेदना होतात आणि गाभण गाईला धोका असतो. दुधाला विषारी म्हणणे मात्र मला पटत नाही, कारण हे संप्रेरक पोटात पचून जाते. खरी हानी गाईची आहे.

एकदम बंद केल्यास दूध कासेत साचून राहील, त्याने कासदाह होऊ शकतो आणि गाय लवकर आटेल. आधी कासदाह नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या आणि त्यांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवा. त्याच वेळी रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, खुराक पुढे ठेवून धार काढावी. सड कोमट पाण्याने धुवून, पुसून, मिनिटभर चोळावेत, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढाव्यात आणि मग न थांबता सहा-सात मिनिटांत काम संपवावे, कारण संप्रेरकाचा जोर तेवढाच वेळ टिकतो. मारणे, ओरडणे, कुत्रे किंवा परका माणूस यांमुळे घाबरलेल्या गाईचा पान्हा तिथेच अडतो.

गिरणाकाठ
आमचा धार काढणारा चार गोठ्यांत एकच सुई वापरतो आणि त्याला उशीर झाला की गाईवर हात उगारतो. उद्यापासून मी स्वतःच धार काढीन. मात्र कुपीवर कंपनीचे नाव नाही, मात्राही लिहिलेली नाही. मग कमी तरी कशाच्या मापाने करावी?

पशुसेवक_निवृत्त
अशा कुपीतील जोर कोणालाच सांगता येणार नाही. ती वापरू नका. डॉक्टरांना दाखवा, ते ज्ञात मात्रेचे औषध देऊन उतरवतील. किती दिवस लागतील, ते गाईवर अवलंबून आहे.

पांझरा_धुळे
विषारी म्हणणे मागे घेतो. पण उलटलेली गाय मी पाहिली आहे.