पी-व्हॅल्यूसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल

> "पी ०.०५ च्या खाली आला, निकाल सिग्निफिकंट लिहिला. मग इंटरव्हल वेगळा कशाला द्यायचा?"

एक खरा निकाल बघा. स्वादुपिंडाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात जेमसिटाबिनला एर्लोटिनिबची जोड देऊन ५६९ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ साली छापून आली. पी = ०.०३८. एवढंच वाचलं तर औषध जिंकलं असं वाटतं.

आता हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर, ज्यात १ म्हणजे काहीच फरक नाही: ०.८२, ९५ टक्के इंटरव्हल ०.६९ ते ०.९९. एका टोकाला मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी, दुसऱ्या टोकाला जेमतेम १ टक्का. दोन्ही शक्यता या डेटाशी जुळतात, आणि हे एकटा पी सांगत नाही. मध्यक आयुष्यमान ५.९१ वरून ६.२४ महिने झालं, म्हणजे साधारण दहा दिवस. त्यासाठी पुरळ आणि जुलाब सोसायचे का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

म्हणून मी आधी १ पासून लांबचं टोक न बघता जवळचं बघतो: परिणाम खरंच एवढाच असेल तर उपचार बदलू का? (इंटरव्हल फक्त नमुन्यातली अनिश्चितता दाखवतो. रुग्णांची निवडच चुकली असेल तर तोही आत्मविश्वासाने चुकतो.)