अनुभव धागा: बायोमेट्रिक्सला गेलो आणि ठसे अडले (अमेरिका)

ग्रीन कार्डाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज केला की काही दिवसांनी आय-797सी नोटीस येते आणि ठसे, फोटो, सही द्यायला बोलावतात. बहुतेकांचं वीसेक मिनिटांत आटोपतं. ज्यांचं तिथे अडलं, विशेषतः आईवडिलांचं, त्यांनी जरा सविस्तर लिहा. माझ्या सासूबाईंची तारीख जवळ आली आहे.

शिल्पा, न्यू जर्सी
आईच्या एन-400 ची, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाची गोष्ट. वय अडुसष्ट, आयुष्यभर हाताने भाकरी थापून तव्यावर टाकलेली, त्यामुळे बोटांची टोकं अगदी गुळगुळीत. केंद्राच्या दारात नोटीस आणि ग्रीन कार्ड बघितलं, फोन बंद करायला लावला. आधी चार बोटं एकत्र काचेवर, मग अंगठे, मग एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून. आई मदत म्हणून स्वतःच बोट फिरवायला जायची, की ठसा फरकटायचा. ठसे घेणारी बाई सारखी सांगत होती, हात सैल सोडा, मी फिरवते. ओल्या कागदाने पुसून पुन्हा घेतले. शेवटी नोटिशीवर शिक्का मारून दिला, आम्ही निश्चिंत.

काही आठवड्यांनी दुसरी नोटीस आली. ठसे एफबीआयकडे गेले होते आणि तिथे वर्गीकरणाच्या लायकीचे ठरले नव्हते. म्हणजे केंद्रातला शिक्का फक्त हजेरीचा. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग मुलाखतीत गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिली तिथल्या पोलिसांची पत्रं मागितली. आई आधी भावाकडे ओहायोत होती, म्हणून दोन गावांची पत्रं. आमच्या गावाने चटकन दिलं, ओहायोच्या पत्रासाठी भावाला खेपा घालाव्या लागल्या. अधिकाऱ्याने शपथेवर जबाबही घेतला. अर्ज नामंजूर झाला नाही, फक्त रखडला.

मंदार
पंचाहत्तरच्या वरच्यांना बोलावतच नाहीत. सासूबाईंचं वय सांगा, कदाचित जायलाच नको.

विद्याताई, टेक्सास
मंदार, एन-400 ला त्या वयाची सूट पूर्वी होती, तीही ठशांपुरती. आता वय कितीही असो, ठसे घेतात. नोटीस आली तर जायचंच. न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात. तारीख जमत नसेल तर ती उलटायच्या आधी ऑनलाइन खात्यातून बदलून घ्या.

आणखी एक. दुसरी नोटीस आली म्हणजे ठसे बिघडलेच असं नाही. एफबीआयच्या तपासणीचा निकाल पंधरा महिनेच चालतो. आपल्यासारख्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज, आय-485, वर्षानुवर्षं रांगेत पडून असतो, त्यात तो निकाल शिळा होतो आणि पुन्हा बोलावतात. पहिल्या खेपेनंतर लगेच आली तर ठशांचा संशय घ्या, दीड-दोन वर्षांनी आली तर बहुधा मुदत.

प्रकाश, सांगली
आमच्या आजोबांचे आधारला ठसे उमटत नव्हते. रेशनला दरवेळी भांडण. शेवटी डोळ्यांवर काम झालं. तुम्हीही डोळे स्कॅन करायला सांगा ना.

शिल्पा, न्यू जर्सी
प्रकाशदादा, इथे आम्हाला तसा पर्याय कुणी दिला नाही. बोटं, फोटो, सही, एवढंच.

निखिल
माझं फोटोवर अडलं होतं. काही वर्षांपूर्वी बाबांच्या अर्जासोबत पुण्यातल्या स्टुडिओतले फोटो जोडले, 35 बाय 45 मिलिमीटरचे. इथे हवे होते 2 बाय 2 इंच. पुरावा मागणारं पत्र आलं, नवे फोटो पाठवून उत्तर पोचेपर्यंत फाइल जागची हलली नाही. केंद्रात काढतात तो फोटो वेगळा, तिथे बाबांना फक्त चष्मा काढायला लावला.

रेवती
माझ्या काकांना केमोच्या गोळ्या चालू होत्या, कॅपेसिटाबिन. तळहात सोलवटलेले, ठसे जवळजवळ गेलेले. डॉक्टरांचं पत्र नेलं, पण सूट द्यायची की नाही ते केंद्रातले हात बघूनच ठरवतात, आणि त्रास तात्पुरता असेल तर देत नाहीत. काकांना नंतरची तारीख मिळाली. एखादं बोटच नसेल तर ते तशी नोंद करून बाकीची घेतात.

विद्याताई, टेक्सास
धागाकर्तीसाठी: आठ-दहा दिवस आधीपासून भांडी बंद, रात्री हातांना व्हॅसलीन. त्या सकाळी मात्र काही लावू नका, तेलकट बोट काचेवर घसरतं. घरात लग्न असेल तर मेंदी बोटांच्या टोकांना नको. एवढं करूनही झिजलेल्या रेषा परत येत नाहीत, हे धरूनच चाला.

मंदार
बरं, वयाचं कळलं. शिल्पा, आईंचं मधल्या काळात पुण्याला जाणं झालं असेल ना? मग तिथल्या पोलिसांचंही पत्र लागलं का?

शिल्पा, न्यू जर्सी
हो, दर हिवाळ्यात जायची. आमच्या अधिकाऱ्याने ते विचारलं नाही. पण नणंदेच्या सासऱ्यांकडे मागितलं म्हणे, ते सलग पाच महिने तिकडे होते. आणखी कुणाला विचारलं असेल तर लिहा.