प्रतिसाद: सिझरच्या बाळाची धाप

> "३७ आठवड्यांना ठरवून सिझर केलं. बाळ धापा टाकतंय, काचेत ठेवलंय. छाती दाबली न गेल्याने पाणी राहिलं म्हणतात, खरं का?"

अर्धंच खरं, ताई. मी सोलापुरात नवजात कक्षात परिचारिका आहे. दाबल्याने थोडंच पाणी निघतं. पोटात असताना बाळाची फुप्फुसंच ते पाणी तयार करत असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि फुप्फुसाच्या पेशी उलट काम करू लागतात: सोडियम आत ओढतात, त्यामागोमाग पाणी रक्तात आणि लसिकेत जातं. कळांआधीच सिझर झालं, तर हा बदल उशिरा होतो. म्हणून तातडीचं कारण नसेल तर ३९ आठवडे थांबतात.

परवाच अक्कलकोटकडच्या एका बाळाचे श्वास तासाभरात मिनिटाला ७८ झाले होते (६० पर्यंत ठीक). एक्सरेत फुप्फुसाच्या फटीत पाण्याची रेघ. थोडा ऑक्सिजन, दूध नळीने, कारण धापेत पाजलं तर ठसका लागतो. दुसऱ्या रात्री ५२.

बहुतेकांचं तीन दिवसांत उतरतं. ऑक्सिजन वाढवावा लागला, ताप आला किंवा बाळ मलूल पडलं, तर जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण शोधावं लागतं. तुमच्या बाळाचे श्वास सध्या किती आहेत?